मागे राहणाऱ्याची चिठ्ठी

दिवाळीचे पाहुणे परतले, करंज्यांचे डबे रिकामे होऊ लागले, की मध्यमवर्गीय घरांत पुढच्या प्रवासांचे बेत सुरू होतात. कोणाला नातवाची मुंज गाठायची असते, कोणाला काशी-रामेश्वर करायचे असते, तर कोणाचा मुलगा परदेशातून सारखा बोलावीत असतो. तिकिटे चार महिने आधी निघतात, बॅगांवर चर्चा महिनाभर चालते. आणि मागे राहणाऱ्या घराचा विचार मात्र टांगा दाराशी उभा राहिल्यावर व्हावा, तसा शेवटच्या अर्ध्या तासात होतो. मग घर सांभाळायला आलेल्या बिचाऱ्याच्या हाती एक कागद पडतो. त्यावर लिहिलेले असते : "झाडांना पाणी घालणे. मांजराला खायला देणे. बिले भरणे. किल्ल्या सांभाळणे." यात खोटे काहीच नाही, पण उपयोगाचेही काही नाही. पाणी घालायचे हे त्यालाही ठाऊक आहे. किती, केव्हा, आणि नळच आला नाही तर काय, हे त्याला ठाऊक नसते.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी आज्ञापत्राची आठवण होणे साहजिक आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखला जाणारा हा अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला ग्रंथ राजनीतीचा म्हणून आपण वर्गात शिकवतो. पण त्यातला किल्ल्यांचा भाग वाचताना वाटते, की ही मागे राहून घर राखणाऱ्यासाठी लिहिलेली चिठ्ठीच आहे. गडावर झरा असला तरी तेवढ्यावर निश्चिंत राहू नये, वेगळी टाकी बांधून त्यातले पाणी जखिऱ्याचे म्हणून राखावे, असे त्यात सांगितले आहे. एवढेच सांगितले असते तर तो हुकूम झाला असता. पण लेखक कारणही देतो : लढाईच्या वेळी तोफांच्या आवाजाने झऱ्यांचे पाणी कमी होते आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. हे कारण कळलेला किल्लेदार, तोफ न वाजताही झरा आटला, तर काय करायचे ते आपले आपण ठरवू शकतो. चिठ्ठीत कामाशेजारी त्याचे कारण आणि त्याची खूण लिहिलेली असली, की ती मालकाच्या गैरहजेरीत मालकाचे काम करते. बाकी सारा तपशील.

आता हा तपशील एका घरावर मांडून पाहू. घर आमचेच, यवतमाळचे, महिना मे. दिवाळीच्या अंकात मे महिना कशाला, असे कोणी म्हणेल. पण थंडीत आमच्याकडे घर आपले आपण सांभाळते. खरी परीक्षा पारा ४४ अंशांच्या पुढे जातो तेव्हा. त्यातून लेकीचे बाळंतपण बंगळूरला. पूर्वी लेक माहेरी येत असे, आता माहेरच सामान बांधून लेकीकडे जाते. म्हणजे महिनाभर परत येणे नाही, आणि ऐन गरजेच्या वेळी फोन उचलला जाईलच याचीही खात्री नाही. घरात चौदा कुंड्या, तुळशीवृंदावन, अंगणात एक लिंबाचे झाड आणि चार किलो वजनाचा एक नसबंदी केलेला बोका. राहायला येणार पुसदकडचा भाचा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, हुशार, पण आजवर तुळशीलाही पाणी न घातलेला. त्याच्यासाठी लिहिलेल्या चिठ्ठीची सुरुवात "चि. भाच्यास अनेक आशीर्वाद" अशी आहे, आणि पहिले कलम झाडांचे नसून पाण्याचे आहे.

पाणी आधी का, हे यवतमाळकराला सांगायला नको. निळोणा आणि चापडोह या दोन जलाशयांवर या शहराने पुष्कळ वर्षे तहान भागवली, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात ते आटले तेव्हा टँकरमागे धावणारी गल्ल्यागल्ल्यांतली माणसे सर्वांनी पाहिली. म्हणून चिठ्ठीत हिशेब असा मांडला आहे. भाच्याला अंघोळ, धुणे, स्वयंपाक मिळून दिवसाला शंभर लिटर, कूलरला पन्नास, कुंड्या व तुळस यांना वीस, लिंबाला पाच दिवसांतून एकदा चाळीस, म्हणजे रोजचे आठ. एकूण झाले एकशे अठ्ठ्याहत्तर. गच्चीवरची टाकी हजार लिटरची. तेव्हा नळ पाच दिवसांनी आला तरी टाकीत शंभरएक लिटर उरतात. सहाव्या दिवशी मात्र टाकी कोरडी. यासाठी न्हाणीघराबाहेर दोनशे लिटरचा झाकणाचा ड्रम भरून ठेवला आहे. तोच आमचा जखिरा. चिठ्ठीत त्याच्यापुढे लिहिले आहे :

"ड्रमला एरवी हात लावू नकोस. नळ चुकला तर कूलर बंद, धुणे बंद. पिण्याला आणि स्वयंपाकाला दहा लिटर, अंघोळीला व बाकीला चाळीस, कुंड्यांना वीस असे सत्तर लिटर रोज धरलेस तर ड्रम जवळजवळ तीन दिवस पुरतो. तेवढ्यात नळ आला नाही तर टँकर सांगावा. पैसे पाकिटात आहेत. भाज्या धुतलेले पाणी लिंबाला, साबणाचे पाणी कोणालाच नाही. नळ नियमित असेल तर दर दुसऱ्या खेपेला ड्रममधले जुने पाणी लिंबाला घालून ड्रम घासून नव्याने भर, नाहीतर जखिऱ्याचे डबके होईल."

आता झाडे. झाडांच्या बाबतीत नवख्या माणसाकडून होणारा घात पाणी न घातल्याने क्वचित होतो. पुष्कळदा तो जास्त घातल्याने होतो. घर सांभाळणारा मनुष्य भिडस्त असतो. मामींचा मोगरा आपल्या हातून जाऊ नये, या धास्तीने तो पान जरा मलूल दिसले की तांब्या घेऊन धावतो. मे महिन्याच्या दुपारी पाने मान टाकतातच. मुळे शोषतात त्याहून अधिक पाणी पानांतून उडून जात असते, इतकाच त्याचा अर्थ. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती पुन्हा उभी राहिली तर झाड ठीक आहे. पहाटेही मान खालीच असेल आणि माती कोरडी असेल, तर ती तहान. आणि पहाटे मान खाली, खालची पाने पिवळी, माती मात्र ओली आणि आंबूस वासाची असेल, तर मुळे कुजत आहेत. अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडी तांब्या लावणे. म्हणून चिठ्ठीत "रोज दोन तांबे" असे लिहिलेले नाही. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे, कोरडे लागले तरच कुंडीच्या बुडातून थेंब येईपर्यंत पाणी द्यावे, आणि ते सकाळी सातच्या आत, असे आहे. मातीच्या कुंडीला मे महिन्यात हे बहुधा रोज लागेल, प्लॅस्टिकच्या कुंडीला एक दिवसाआड पुरेल, आणि कोरफडीला दहा-बारा दिवसांतून एकदा. बोटाला हे फरक आपोआप कळतात. कॅलेंडरला कळत नाहीत.

निघण्यापूर्वी आपण करायचे कामही थोडे आहे. साऱ्या कुंड्या घराच्या दुपारी सावली पडणाऱ्या भिंतीशी, एकमेकींना चिकटून ठेवाव्यात, म्हणजे बाजूंनी ऊन लागत नाही. मातीवर वाळलेल्या पाल्याचा दोन बोटे थर द्यावा. मोठ्या मोगऱ्याला निघायच्या तोंडावर नवी कुंडी करू नये. मुळे दुखावलेले झाड ऊन सोसत नाही. लिंबाला मात्र चिठ्ठीत एक सक्त ताकीद आहे : पाणी खोडाला लागू द्यायचे नाही. खोडाभोवती मातीची भर आणि तिच्याबाहेर, फांद्यांच्या सावलीखाली, गोल आळे आधीच करून ठेवावे आणि त्यातच पाणी सोडावे. खोड ओले राहिले की साल कुजून त्यातून डिंक वाहू लागतो. संत्र्याच्या बागा पाहिलेल्या वैदर्भीयाला हा डिंक्या रोग नवा नाही. बुंध्याशी मधासारखा थेंब दिसला, तर आळे आणखी बाहेर सरकवायचे आणि आम्हांला फोटो पाठवायचा.

मग बोका. झाड चार दिवस चूक सोसते, मांजर सोसत नाही. चार किलोच्या मांजराला कोरडे तयार खाद्य दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास लागते; आमची मापाची वाटी तीस ग्रॅमची, म्हणजे सकाळी एक आणि रात्री एक. एकतीस दिवसांचे एक किलो आठशे साठ ग्रॅम होतात. तीन किलोचे पोते आणून ठेवले आहे, कारण नेहमीचे खाद्य संपले म्हणून एकदम दुसरे दिले, तर पोट बिघडते किंवा स्वारी रुसते. दूध द्यायचे नाही. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना ते पचत नाही, चित्रांत ती कितीही बशी चाटताना दिसोत. पाण्याची तीन भांडी तीन ठिकाणी, सावलीत. मातीच्या परातीतली त्याची शौचाची जागा रोज साफ करायची. ही स्वच्छतेची गोष्ट तर आहेच, पण चिठ्ठीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्यही तिच्याशीच बांधलेले आहे :

"परात साफ करताना रोज पाहा, ओली गुठळी आहे की नाही. बोका परातीत वारंवार बसतो, कुंथतो, ओरडतो, पण लघवी होत नाही किंवा थेंबभरच होते, असे दिसले तर आमच्या फोनची वाट पाहू नकोस. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे ने. बोक्याची लघवीची वाट अरुंद असते. ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो."

दुसरी खूण खाण्याची. माणूस दोन दिवस उपास करतो आणि पुण्य जोडतो. मांजराचे तसे नाही. ते, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस काहीच खाईनासे झाले, की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि ते फार आजारी पडते. पहिल्या दिवशी घरधनी दिसत नाहीत म्हणून ते थोडे रुसेल, तेवढे चालेल. पूर्ण एक दिवस वाटी तशीच राहिली तर उकडलेल्या कोंबडीचे बिनमिठाचे तुकडे द्यावेत. दुसऱ्या दिवशीही तेच, तर डॉक्टर. आणि तिसरी गोष्ट फक्त मनाईची : माणसांच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही द्यायची नाही. एका गोळीनेही मांजर दगावू शकते. डॉक्टरांचा पत्ता, नंबर आणि वेतकरंडी कोठे आहे, हे चिठ्ठीतच लिहिले आहे. आणि करंडी माळ्यावर न ठेवता खाली, उघडी ठेवली आहे, कारण घाबरलेले मांजर पकडताना माळा चढायला वेळ नसतो.

यानंतर कूलर. त्याला वेगळे कलम दिले, याचे पुण्यामुंबईच्या वाचकांना नवल वाटेल. पण दर उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा धक्का लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भातल्या वर्तमानपत्रांत येते. ओला पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय आणि पाण्यात बुडालेल्या पंपाची तार कोठेतरी सोललेली, एवढे जमले की पुरते. म्हणून कलम असे : पाणी भरण्यापूर्वी नुसते बटण बंद करून भागायचे नाही, पिन भिंतीतून बाहेर काढायची, पायांत रबरी चपला, आणि हाताला किंचित जरी झिणझिणी आली तर कूलर त्या क्षणापासून बंद, वायरमनने पाहीपर्यंत पंख्यावर भागवायचे. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतल्या भिंती घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटतात आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याचा नेम असला म्हणजे ती साखळी तुटते. नुसते पाणी ओतून दिले तर अंडी भिंतीवरच राहतात, म्हणून घासणे.

बिलांचे कलम आता सोपे झाले आहे, कारण बहुतेक बिले बंगळूरला बसून भरता येतात. ती भाच्याच्या गळ्यात घालू नयेत. चिठ्ठीत दोन याद्या आहेत. "आम्ही भरू" या यादीत वीज, पाणी, टेलिफोन. "तू द्यावेस" या यादीत दूधवाला आणि धुणेभांडी करणाऱ्या बाई. त्यांची रक्कम वेगवेगळ्या पाकिटांत घालून वर नाव आणि तारीख लिहिली आहे. वर्तमानपत्र भाच्याला अभ्यासाला लागते, म्हणून ते चालू. विजेच्या बाबतीत मात्र एक खुलासा आहे. "आपले बिल थकले आहे, आज रात्री वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असे निरोप २०२२ पासून पुष्कळांना आले आणि त्यांतून पुष्कळांचे पैसे गेले. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे थकबाकीसाठी तार तोडण्यापूर्वी पुरे पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. हे भाच्याला ठाऊक असले, की रात्री नऊ वाजता आलेल्या अशा निरोपाने किंवा दाराशी आलेल्या कोण्या साहेबाने तो घाबरत नाही. वीज गेलीच, तर आधी शेजारचा दिवा पाहावा. शेजारीही अंधार असेल तर स्वस्थ बसावे. फक्त आपल्याकडे असेल तर खाली पडलेले बटण एकदा वर करावे. पुन्हा पडले तर दुसऱ्यांदा जोर करू नये, कूलरची पिन काढून वायरमनला बोलवावे.

गॅसचेही असेच एक बारीक कलम. नवे सिलिंडर घेताना येणारा आकडा नोंदवलेल्या फोनवर येतो, म्हणजे बंगळूरला. आणि फोन त्या वेळी इस्पितळात बंद असायचा. म्हणून १४.२ किलोचे भरलेले दुसरे सिलिंडर आधीच घेऊन ठेवले आहे. एकट्या माणसाला महिन्यात ते लागणारही नाही. डब्यांत चार किलो तांदूळ, दीड किलो डाळ, लिटरभर तेल, साखर, चहा, पोहे ठेवले आहेत. कणीक मात्र पंधरा दिवसांचीच, तीन किलो. उन्हाळ्यात फार दिवसांच्या पिठात अळ्या-जाळी होते. पुढच्या पंधरवड्याचे गहू निवडून ठेवले आहेत, चक्की कोपऱ्यावर आहे. डब्यांवर आत काय आहे याची चिठ्ठी चिकटवली, कारण मामींच्या स्वयंपाकघरात बोर्नव्हिटाच्या डब्यात हळद असते, हे बाहेरच्याने कसे ओळखावे?

शेवटी किल्ल्या. तीन जुडगे : एक भाच्याजवळ, एक शेजारच्या काकूंकडे, एक आमच्याबरोबर. तिन्ही जुडग्यांतली प्रत्येक किल्ली निघण्याआधी प्रत्येक कुलपात फिरवून पाहायची. नवी घडवलेली किल्ली आत जाते, पण फिरत नाही, हे रात्री अकराला कळून उपयोग नाही. किल्लीवर घरचे नाव-पत्ता लिहायचा नाही, निराळ्या रंगाचा दोरा बांधायचा. हरवली तरी ती कोणाच्या दाराची ते सापडणाऱ्याला कळू नये. तिसरी किल्ली कोठे आहे, हे कागदावर लिहायचे नाही, तोंडी सांगायचे. पुढचे दार ओढले की आपोआप बंद होणारे असेल, तर कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी. आणि कपाटाची, दागिन्यांची, कागदपत्रांची किल्ली या जुडग्यांत असूच नये. ही भाच्यावरच्या अविश्वासाची गोष्ट नाही. पुढे कधी एखादी वस्तू सापडली नाही, तर त्याच्याकडे नजर वळण्याचे कारणच उरू नये, एवढ्यासाठी.

एवढे लिहूनही काही राहतेच. पाइप फुटतो, खिडकीची काच जाते, मोगऱ्यावर कीड पडते. अशा वेळी दर खेपेला बंगळूरला फोन लावायचा, आणि तिकडे डोहाळ्या-बाळंतपणाच्या गडबडीत कोणी तो उचलायचा नाही, हे दोघांनाही जाचक. म्हणून चिठ्ठीत शेवटी तीन ओळी आहेत : "दोन हजारांपर्यंतचा खर्च न विचारता कर, पावती ठेव. त्याहून मोठा असेल तर आधी शेजारच्या काकूंना विचार, मग आम्हांला. माणूस आणि बोका यांच्या जिवाचा प्रश्न असेल तर रक्कम पाहू नकोस आणि विचारूही नकोस." दोन हजारांचा आकडा मामींनी घातला, मूळ मसुद्यात पाचशे होता. पाचशेत आजकाल वायरमन नुसता सायकल टेकवून जातो, असे त्यांचे म्हणणे.

सारी चिठ्ठी मिळून वहीची चार पाने झाली. त्यांतले पाण्याचे आणि बोक्याचे पान स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवायचे, बाकीची फोनच्या टेबलावर ठेवायची. पण सर्वांत उपयोगी पडते ती एक गोष्ट कागदावर नसते. भाच्याला निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच बोलवावे, चिठ्ठी त्याच्या हाती द्यावी आणि तो दिवस घर त्यालाच चालवू द्यावे. आपण खुर्चीत बसून राहावे आणि काही सांगू नये. बोट मातीत घातल्यावर तो काय ठरवतो, कूलरची पिन काढतो की नाही, मागच्या दाराची किल्ली उलटी लावतो का, हे सारे दिसते. तो ज्या ज्या ठिकाणी अडून आपल्याकडे पाहील, त्या त्या ठिकाणी चिठ्ठीत एक ओळ कमी आहे असे समजावे, आणि ती त्याच रात्री लिहून टाकावी.